खिशातल्या घड्याळाचा शिलालेख

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यांमध्ये एक छोटा शिलालेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम, गोत्र वत्स, याने पाण्याची पोढी आणि मंडप दान केला, एवढाच त्याचा मजकूर. शेवटी वर्ष दिलं आहे: ४६. आकड्याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद आहे तो हे शेहेचाळीस कशाचे, यावर. शक संवत धरला तर साल येतं इसवी सन १२४. ती नहपानाची स्वतःची राज्यवर्षं मानली तर तोच शिलालेख मागे सरकून पहिल्या शतकात जाऊन बसतो. आकडा दगडात स्वच्छ कोरलेला असूनही काळ ठरत नाही, कारण मोजणी कुठून सुरू झाली ते दगड सांगत नाही.

याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, घाट चढून गेल्यावर, आण्याचं पठार लागतं. आमचं घर तिथलं. रंगदास स्वामींच्या यात्रेला मुंबई-पुण्याची सगळी भावकी गावी येते, आमटी-भाकरीचा प्रसाद होतो आणि दुपारी ओसरीवर जुन्या वस्तू निघतात. त्यात दरवर्षी एक कापडी पुरचुंडी सुटते. आत पणजोबांचं खिशातलं घड्याळ. चांदीचं, उघड्या तोंडाचं, म्हणजे काचेवर झाकण नसलेलं. त्याची घरातली कथा ठरलेली: पणजोबा पहिल्या लढाईत पलटणीबरोबर गेले होते, तिथे एका साहेबाने खूश होऊन विलायतेहून आणलेलं स्वतःचं घड्याळ त्यांना दिलं. ही कथा आत्या सांगते आणि दरवर्षी साहेबाचा हुद्दा एका पायरीने वाढतो.

गेल्या यात्रेला पुतण्याने मागचं झाकण उघडलं, आत बारीक अक्षरांत ०.९३५ दिसलं, आणि तो म्हणाला, "काका, हे तर पस्तीस सालचं आहे. लढाई संपून सतरा वर्षं झाली होती."

आत्या रुसली. पुतण्या चुकला होता, पण प्रश्न त्याने बरोबर ठिकाणी विचारला होता. मानमोडीचाच प्रश्न तो: हा आकडा कशाचा?

०.९३५ हे साल नाही, चांदीचा कस आहे. हजार भागांत नऊशे पस्तीस भाग शुद्ध चांदी. त्या आकड्याशेजारी भिंगातून पाहिलं तर तीन ठसे दिसतात, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याहून लहान. मागच्या पायांवर उभी असलेली तीन अस्वलं, दोन मोठी आणि एक धाकटं. हा स्वित्झर्लंडच्या सरकारी कसपेढीचा शिक्का. स्विस कायद्यात चांदीचे मुळात दोनच ठसे होते: ०.८७५ साठी एक अस्वल आणि ०.८०० साठी रानकोंबडा. तिसरा कस आणि तीन अस्वलं १८८७ च्या अखेरीस आली, आणि ती इंग्लंडमुळे. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने मालावरच्या खुणांचा कायदा केला. खोटं वर्णन असलेला परदेशी माल बंदरावरच अडवायची सोय त्यात होती. इंग्लंडची चांदी म्हणजे ०.९२५. तिच्यापेक्षा हलकी चांदी 'सिल्व्हर' म्हणून विकायची तर अडचण, म्हणून स्विसांनी थोडा वरचढ कस नेमला आणि त्याला तीन अस्वलांची खूण दिली.

तेव्हा या तीन अस्वलांचं म्हणणं एवढंच, की हे झाकण १८८७ च्या आधीचं नाही. ते कधीपर्यंतचं असू शकेल, यावर ती गप्प आहेत. जुन्या वस्तूंच्या बहुतेक खुणा अशाच एकाच बाजूने बोलतात. एखाद्या घरात विजेचं बटण दिसलं तर ते बटण वीज येण्याच्या आधीचं नाही एवढं नक्की, घर कधीचं ते नाही. घड्याळावर पाच खुणा सापडल्या तर त्यांतली सर्वांत अलीकडची खूण खालची मर्यादा ठरवते. लोक नेमकं उलटं करतात. सर्वांत जुनी खूण पकडतात आणि घड्याळाचं वय तिच्यावरून वाढवतात.

झाकणाची दुसरी साक्ष त्यावर काय नाही, ही आहे. इंग्लंडमध्ये तपासलेल्या चांदीच्या झाकणावर चालता सिंह असतो, शहराची खूण असते (बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचं बिबट्याचं मस्तक, चेस्टरच्या गव्हाच्या पेंढ्या) आणि वर्षासाठी एक अक्षर असतं. हे अक्षर दरवर्षी बदलतं आणि वर्णमाला संपली की अक्षराचं वळण बदलून पुन्हा सुरुवात होते. बर्मिंगहॅममध्ये १९०० साली छोटा साधा 'ए' आला आणि तिथून पुढे 'जे' गाळून एकेक अक्षर सरकत गेलं. त्यामुळे अशा झाकणाचं साल बारा महिन्यांपर्यंत नेमकं सांगता येतं, फक्त शहर आणि अक्षराचं वळण दोन्ही ओळखावी लागतात. नुसतं 'एम' सांगून काही उपयोग नाही. इथेही शेहेचाळीस कशाचे हाच प्रश्न. त्या ठशांजवळची दोन-तीन आद्याक्षरं घड्याळ बनवणाऱ्याची समजू नयेत. ती बहुधा झाकण बनवणाऱ्याची असतात. 'ए. एल. डी.' पुष्कळदा दिसतं. ते ॲरन डेनिसन यांच्या बर्मिंगहॅममधल्या झाकणांच्या कारखान्याचं. त्या झाकणात मशीन कुणाचंही असू शकतं.

आमच्या झाकणावर यातलं काही नाही. आणि यानेच साहेबाच्या कथेला पहिला तडा गेला. १ जून १९०७ पासून ब्रिटनमध्ये बाहेरून येणारं सोन्या-चांदीचं घड्याळाचं झाकण तिथल्याच कसपेढीत तपासून, आयातीची वेगळी खूण ठोकून घेणं बंधनकारक झालं. त्या तारखेनंतर साहेबाने विलायतेत नवं स्विस चांदीचं घड्याळ विकत घेतलं असतं, तर अस्वलांच्या जोडीला किंवा त्यांच्या जागी ब्रिटिश ठसे असते. हिंदुस्थानात येणाऱ्या मालाला ती सक्ती नव्हती. थेट मुंबई बंदरात उतरलेल्या झाकणावर अस्वलंच राहिली. म्हणजे हे घड्याळ एक तर १९०७ च्या आधीचं, नाही तर विलायतेला न जाता परस्पर इकडे आलेलं.

आता डायल. पांढरं, मिनाकारीचं, रोमन आकड्यांचं, सेकंदाचा छोटा काटा सहाच्या जागी. मधोमध लिहिलंय वेस्ट एंड वॉच कंपनी आणि खाली बॉम्बे, कलकत्ता. इथे जवळजवळ प्रत्येक घर फसतं. डायलवरचं नाव हे आपल्याकडच्या घड्याळांत बहुधा विकणाऱ्याचं असतं. वेस्ट एंड ही स्विस मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत उभी केलेली पेढी. तिची मुळं जुरा पर्वतातल्या सँ-इमिए गावात. तिची घड्याळं रेल्वे, पलटणी आणि सरकारी कचेऱ्यांतून घराघरांत जावीत इतकी खपली. पण पेढी मशीन स्वतः घडवत होती असं नाही. ती कारखान्यांकडून मशीन घेई आणि वर आपलं नाव टाकी. लुगड्याच्या काठावर दुकानाचं नाव विणलेलं असतं, म्हणून दुकानदाराने ते मागावर विणलं असं कुणी म्हणत नाही. घड्याळाच्या बाबतीत मात्र आपण तसंच म्हणतो.

डायलबद्दल आणखी एक सावधगिरी, आणि ती सांगताना मुंबईकर म्हणून थोडं ओशाळायला होतं. जुन्या मशीनवर ताजं रंगवलेलं डायल चढवून, मोठ्या नावाचं घड्याळ म्हणून विकायचा धंदा मुंबईत इतका वाढला, की जगभरचे संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मिनाकारीचं खरं डायल म्हणजे तांब्यावर भाजलेली काच. तिला केसासारख्या बारीक चिरा जातात, अक्षरं भिंगाखाली धारदार दिसतात आणि कडेला टवका उडाला तर खालचं तांबं दिसतं. नव्याने रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा कड्याशी समांतर नसतात आणि पृष्ठभाग शंभर वर्षांच्या वस्तूला न शोभेल इतका एकसारखा असतो. आमच्या डायलवर चारच्या आकड्यापासून निघालेली एक चीर आहे. घरच्यांना ती खुपते. मला ती पाहून बरं वाटलं.

कर्त्याचं नाव शोधायचं तर मशीनपर्यंत जायला हवं. झाकणाच्या कडेला नखाएवढी एक उंचवट्याची जागा असते, तिथे अंगठ्याचं नख घालून झाकण उचलायचं. सुरी घालायची नाही. चांदीवर सुरीचे ओरखडे दिसले, की समजावं, आधीच्या पिढीतल्या कुणीतरी हे केलं आहे. आत बहुतेक वेळा दुसरं पातळ झाकण असतं, तेही तसंच उघडतं. काही झाकणं आट्यांची असतात, ती दोन तळव्यांत धरून डावीकडे फिरवावी लागतात. तोंडावर झाकण असलेलं घड्याळ असेल तर बंद करताना चावी दाबून धरावी, नाहीतर खटका झिजतो आणि पुढे झाकण बसेनासं होतं. आणि ठसे वाचून, तिरप्या उजेडात फोटो काढून झाल्याशिवाय चांदी घासायची नाही. आमच्या आजीने दसऱ्याला चिंच लावून घड्याळ उजळायचा परिपाठ ठेवला होता. धाकट्या अस्वलाचं तोंड त्यात गेलं.

आतल्या झाकणाखाली मशीन दिसलं. पट्टीवर पुन्हा वेस्ट एंडचंच नाव, पंधरा खड्यांचा उल्लेख आणि एक क्रमांक, अठरा लाख चाळीस हजारांच्या घरातला. खड्यांवरून ओसरीवर बरीच कुजबुज झाली, कारण ती माणकं आहेत असं कुणीतरी सांगितलं. ती माणकंच आहेत, पण मोहरीएवढीही नाहीत. चाकांच्या टोकांना फिरायला झीज न होणारी बैठक म्हणून बसवलेली असतात. विकायला गेलं तर त्यांचं काही येत नाही.

आता हा क्रमांक. घड्याळाचं वय ठरवण्यात यासारखी ठाम गोष्ट दुसरी नाही, आणि यासारखी फसवीही नाही. अनेक मोठे कारखाने प्रत्येक मशीनला पुढचा क्रमांक देत गेले आणि त्यांचे वर्षवार तक्ते आज उपलब्ध आहेत. पण अठरा लाख चाळीस हजार हा आकडा अमेरिकेच्या वॉल्थम कारखान्याचा असेल तर साल येतं १८८२ च्या आसपास. ओमेगाचा असेल तर १९०० किंवा १९०१. लॉन्जिनचा असेल तर १९०५ किंवा १९०६. एकच आकडा, आणि फरक चोवीस वर्षांचा. शेहेचाळीस कशाचे? आधी कारखाना, मग क्रमांक. उलट्या क्रमाने गेलं तर हवं ते साल काढता येतं, आणि लोक काढतातही.

कारखान्याची खूण पट्टीवर नव्हती. अशा वेळी ती डायलखाली असते. नारायणगावात एक जुने घड्याळजी आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, चावी दोन आटे दिली, पुन्हा कानाला लावलं आणि म्हणाले, "मशीन चांगलंय. तेल वाळलंय. पाच मिनिटं बसा." चावीचा दांडा सोडवून, कडेचे दोन स्क्रू फिरवून त्यांनी मशीन झाकणातून काढलं, काटे उतरवले, डायलचे पाय सैल केले. डायल उचललं तेव्हा खालच्या पितळी पाटीवर एक ठसा दिसला: दोन पंख पसरलेली वाळूची घटिका.

ती लॉन्जिनची खूण. एर्नेस्त फ्रांसियों यांनी १८६७ मध्ये सँ-इमिएच्या खालच्या कुरणात, नदीकाठी कारखाना बांधला. त्या कुरणांना तिथे लॉन्जिन म्हणत. पंखांची घटिका १८८९ मध्ये त्यांनी रीतसर नोंदवली. वेस्ट एंडचं मूळ गाव आणि लॉन्जिनचा कारखाना एकाच खोऱ्यात आहेत, आणि लॉन्जिनची मशीनं वेस्ट एंडच्या नावाखाली हिंदुस्थानात आली ही जाणकारांना ठाऊक असलेली गोष्ट. लॉन्जिनचा दहा लाखावा क्रमांक १८९९ चा. साडेसतरा लाख १९०५ मध्ये आणि वीस लाख १९०७ मध्ये गाठले. आमचं मशीन त्या दोहोंच्या मध्ये बसतं, पहिल्याच्या जवळ.

राहिला एक प्रश्न. मशीन आणि झाकण एकमेकांचेच कशावरून? अमेरिकन घड्याळांत तर गिऱ्हाईक दुकानात मशीन एक निवडी, झाकण दुसरं, आणि दुकानदार दोन्ही जोडून देई. त्यांचे क्रमांक जुळायचा प्रश्नच नसतो. आपल्याकडे दुसऱ्या कारणाने गोंधळ झाला. चांदीचा भाव चढला की झाकण सोनाराकडे जाई आणि मशीन जर्मन सिल्व्हरच्या झाकणात बसे. जुन्या नाण्यांत असं एक प्रसिद्ध प्रकरण आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे पुन्हा मारले होते. एकाच नाण्यावर हरलेला आणि जिंकलेला असे दोन राजे. तिथे खालचा ठसा वरच्याच्या आधीचा, एवढं तरी उघड असतं. घड्याळात मशीन आणि झाकण यांतलं आधीचं कोणतं हे दिसत नाही, दोन्हींचं वय वेगवेगळं काढून मगच जोडावं लागतं. लॉन्जिनच्या जुन्या घड्याळांत बहुधा मशीनवरचाच क्रमांक झाकणाच्या आतही ठोकलेला असतो. आमच्या झाकणात अस्वलांखाली, आजीच्या चिंचेतून वाचलेला, तोच क्रमांक आहे.

म्हणजे घड्याळ १९०५-०६ च्या सुमारास सँ-इमिएत घडलं, तिथेच त्या झाकणात बसलं, मुंबईच्या पेढीच्या नावाने इकडे आलं. दुकानातल्या काचेमागे ते वर्ष-दोन वर्षं पडून राहिलं असणं शक्य आहे. तक्ता कारखान्याचं साल सांगतो, विक्रीचं नाही. विक्रीची नोंद हवी तर कारखान्याच्या जुन्या वह्या पाहाव्या लागतात. लॉन्जिनने त्या जपल्या आहेत आणि क्रमांक कळवला तर त्यातली नोंद काढून देतात. ती नोंदही घड्याळ कोणत्या व्यापाऱ्याला गेलं एवढंच सांगते. पुढे ते कुणाच्या खिशात गेलं हे सँ-इमिएला कधीच कळलं नाही.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आत्याने एकच विचारलं, "मग साहेबाने दिलंच नाही म्हणतोस?"

तसं मी म्हणू शकत नाही. साहेबाने मुंबईत वेस्ट एंडमधून १९०७ मध्ये घड्याळ घेतलं, दहा वर्षं वापरलं आणि मग दिलं, यात कोणताच ठसा आड येत नाही. ठसे घडणीचं साल सांगतात, हस्तांतराचं नाही. कथेतला खोटा ठरला तो एकच तुकडा: विलायतेहून आणलेलं. डायलवर मुंबईच्या पेढीचं नाव आहे, त्यामुळे तेवढा मात्र गेला. इतिहास लिहिणाऱ्याला असे अर्धे निकाल पदरात घेता आले पाहिजेत. कथा सगळी खरी किंवा सगळी थाप, असं दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्यांना घड्याळ दाखवू नये.

मला स्वतःला मात्र साहेबापेक्षा ते साल जास्त खुणावतं. कारण १९०६ च्या जानेवारीत मुंबईत घड्याळांवरूनच रण माजलं होतं. त्याआधी शहराची वेळ वेगळी होती, रेल्वेची वेगळी. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, ती मुंबईच्या तीस मिनिटं पुढे. १९०५ च्या जुलैत रेल्वेने आजची प्रमाणवेळ घेतली, तीही मद्रासच्या नऊ मिनिटं पुढे, आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने तीच सगळ्यांना लावली. मुंबईकराला काटे एकदम एकोणचाळीस मिनिटं पुढे सारायला सांगितलं गेलं. गिरणीत भोंगा एकोणचाळीस मिनिटं लवकर, म्हणजे अंधारात. कामगारांनी काम थांबवलं, गिरणीच्या घड्याळावर दगड मारले. मुंबई नगरपालिकेने तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

आण्याच्या पठारावर तेव्हा काय? तिथे गाडी नव्हती आणि आजही नाही. माळशेज उतरून कल्याण गाठलं की रूळ. पावसाच्या आडोशाला पडलेल्या या पठाराची माणसं पोटासाठी मुंबईला जात आणि पेरणीला परत येत. त्यांच्यातल्या एकाच्या खिशात हे घड्याळ. त्याने काटे कोणत्या वेळेला लावले असतील, गिरणीच्या, कल्याण स्टेशनच्या, की गावात उन्हाच्या सावलीच्या? कोणताही ठसा हे सांगणार नाही. पण घड्याळ १९३५ चं असतं तर हा प्रश्न मला सुचलाच नसता.

यात्रेत बातमी पसरल्यावर शेजारच्या दोन घरांतून घड्याळं आली. एकाच्या पाठीवर आगगाडीचं इंजिन कोरलेलं. मालक म्हणाले, आजोबा रेल्वेत होते. आजोबा असतीलही, घड्याळ नव्हतं. रेल्वेने दिलेल्या घड्याळावर कंपनीची आद्याक्षरं आणि नोंदणीचा क्रमांक असे, जी. आय. पी. किंवा बी. बी. अँड सी. आय. इंजिनाचं चित्र बाजारातल्या कुठल्याही स्वस्त घड्याळावर गिऱ्हाईक खेचायला काढत. आत 'सिस्टिम रोस्कॉफ' लिहिलं होतं. रोस्कॉफ यांनी १८६७ मध्ये मजुराला परवडेल असं जाड, दणकट, कमी चाकांचं घड्याळ बाजारात आणलं आणि त्यांची पेटंटं संपल्यावर कोणीही तसं बनवू लागलं. तेव्हा ते नाव कर्त्याचं नाही, प्रकाराचं आहे, जसं गिरणीच्या पिठाला कुणी 'बाजरीचं' म्हणावं, त्यातून शेत कळत नाही. दुसरं घड्याळ काळ्या पडलेल्या निकेलचं. त्याच्या पाठीवर बाणाची खूण आणि जी. एस. टी. पी. ही अक्षरं. घरचे म्हणत होते पहिल्या महायुद्धातलं. बाण ब्रिटिश लष्कराचा खराच, पण ती चार अक्षरं दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घड्याळांवरची. आजोबा एक पिढी पुढे सरकले आणि घरात कुणाला वाईट वाटलं नाही, कारण दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबांना पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत आणि त्यांनी लगेच चार गोष्टी सांगितल्या.

आमच्या घड्याळाचं डायल परत बसवण्याआधी नारायणगावच्या घड्याळजींनी मागच्या झाकणाची आतली बाजू खिडकीकडे तिरपी धरली. "हे पाहिलंत का?" तिथे सुईने ओढल्यासारखे बारीक ओरखडे होते. मला ते आजीच्या चिंचेचे वाटले होते. ते दुरुस्तीवाल्यांचे होते. घड्याळ दुरुस्तीला आलं की घड्याळजी आत स्वतःची खूण, वहीतला क्रमांक आणि कधी तारीख खरडून ठेवतो, पुन्हा आलं तर कुणी, केव्हा तेल घातलं ते कळावं म्हणून. आमच्या झाकणात अशा चार नोंदी सापडल्या. तीन इंग्रजी आकड्यांत, नुसते वहीचे क्रमांक, त्यांच्यावरून काही काढता येत नाही. चौथी सर्वांत खाली, कडेला, मराठी आकड्यांत: ३-४७.

मार्च सत्तेचाळीस असावा. वहीचा तीन-चार-सात असं काही नसेल कशावरून, असंही मी मनाशी म्हणून पाहिलं. पण मधली आडवी रेघ स्पष्ट आहे. तिथवर घड्याळ चालत होतं आणि ते दुरुस्त करणारा माणूस मराठी आकडे लिहिणारा होता. घड्याळजींनी भिंग बाजूला ठेवलं, खणातून सुई काढली आणि त्या ओळीखाली, तशाच आकड्यांत, आजचा महिना आणि साल खरडलं.